तक्त्यातला शेवटचा रकाना

परदेशी शिक्षणासाठी व्हिसाचा अर्ज करणाऱ्यांच्या हाती आमच्याकडे एक तक्ता येतो. चार रकाने असतात: लागणारा कागद, प्रती किती, स्थिती आणि मुदत. बीदर, भालकी, औराद, आळंद, कुठेही पाहा, पहिले तीन रकाने भरलेले दिसतात आणि चौथा कोरा. तिसऱ्यात ‘झाले’ अशी खूण पडली की घरचे निश्चिंत होतात. माझे म्हणणे असे की हा तक्ता शेवटच्या रकान्यापासून भरला पाहिजे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तरी हे पटायला हरकत नाही, कारण हुंडीवरची रक्कम बरोबर असून भागत नाही, ती कोणत्या तारखेला देय आहे हे आधी बघावे लागते. हुंडीला निदान तीन दिवसांची सवलत तरी मिळते.

‘मुदत’ हा शब्द फसवा आहे. पासपोर्टावर संपण्याची तारीख छापलेलीच असते, ती कोणीही लिहील. पण काही कागद असे आहेत की त्यांच्यावर मुदत छापलेली नसते. बँकेचा उतारा कधी शिळा होतो हे उताऱ्यावर लिहिलेले नसते, ते ज्या देशाला जायचे त्याच्या नियमात असते. आणि ही मुदत मोजायची ती अर्ज करण्याच्या तारखेपासून मागे. म्हणजे अर्जाची तारीख हलली की रकान्यातल्या इतर तारखाही हलतात.

आमच्या नात्यातल्या एका मुलाचे प्रकरण सांगतो. गाव औराद तालुक्यात. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, वर्ग २१ सप्टेंबरला सुरू व्हायचे होते. अर्ज २० जुलैला करायचे ठरले. जूनच्या मध्यावर तक्ता असा होता:

| कागद | प्रती | स्थिती | मुदत |
|---|---|---|---|
| पासपोर्ट | मूळ | आहे | २०३३ |
| विद्यापीठाचे सीएएस | क्रमांक पुरे | १ जूनला आले | सहा महिने |
| क्षयरोग तपासणीचा दाखला | मूळ व स्कॅन | २५ जानेवारीला झाली | २५ जुलै |
| वडिलांच्या खात्याचा उतारा | स्कॅन | १८ जूनपासून मोजणी | (कोरा) |
| जन्मदाखला व भाषांतर | दोन्हींचे स्कॅन | भाषांतर बाकी | नाही |
| आईवडिलांचे संमतिपत्र | स्कॅन | लिहायचे आहे | नाही |

कोऱ्या ठेवलेल्या त्या एका चौकटीत सगळी मेख होती. पहिल्या वर्षाची राहिलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च, एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे, असा ब्रिटनचा नियम आहे. या २८ दिवसांत एकाही दिवशी शिल्लक त्या रकमेच्या खाली उतरता कामा नये. शिवाय उताऱ्याची शेवटची तारीख अर्जाच्या आधी ३१ दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. १८ जूनला पैसे पुरे झाले, म्हणजे १५ जुलैला २८ दिवस भरत होते आणि २० जुलैचा अर्ज व्यवस्थित बसत होता.

पण जून हा आमच्याकडे मृगाचा महिना. पाऊस पडला, सोयाबीन आणि तुरीचे बियाणे घ्यायचे होते, खत घ्यायचे होते. २५ जूनला वडिलांनी त्याच खात्यातून पैसे काढले आणि २ जुलैला उसनवारी करून परत भरले. त्यांच्या हिशेबी खाते पुन्हा पूर्ववत झाले. व्हिसाच्या हिशेबी १८ जूनपासूनचे दिवस पुसले गेले आणि मोजणी २ जुलैपासून नव्याने सुरू झाली. आता २८ दिवस २९ जुलैला भरणार, म्हणून अर्ज ३० जुलैला.

दहा दिवसांचा उशीर, त्यात काय एवढे, असे कुणालाही वाटेल. पण वरची तिसरी ओळ पाहा. भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळ ब्रिटनला राहायला जाणाऱ्याला क्षयरोगाची तपासणी मान्य दवाखान्यातूनच करून घ्यावी लागते आणि दाखला सहा महिनेच चालतो. मुलाने ती हौसेने जानेवारीत उरकली होती. २० जुलैला दाखल्याचे पाच दिवस शिल्लक होते, ३० जुलैला तो रद्दी झाला. पुन्हा हैदराबादची फेरी, पुन्हा छातीचा फोटो, पुन्हा फी. बियाण्यासाठी काढलेल्या पैशांनी क्षयरोगाचा दाखला मोडला, हे त्या वडिलांना कुणी कसे समजावून सांगावे? तक्त्यात दोन्ही ओळींपुढे तर ‘झाले’ अशीच खूण होती!

सुदैवाने वर्ग सुरू व्हायला वेळ होता आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, त्यामुळे मुलगा गेला. उसनवारीचे व्याज मात्र घरच्यांनी भरले.

आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाला आणखी एक गोष्ट नडते. पैसा पुष्कळदा आजोबांच्या किंवा थोरल्या काकांच्या खात्यावर असतो. घरात तो सगळ्यांचाच, पण ब्रिटनच्या नियमात तो परका. खाते अर्जदाराचे स्वतःचे हवे, नाही तर आईवडिलांचे वा कायदेशीर पालकाचे. काकांनी पैसे वडिलांच्या खात्यात वळवले तरी २८ दिवस त्या दिवसापासूनच मोजायचे.

आईवडिलांचे खाते दाखवले की ते आईवडीलच आहेत याचा पुरावा लागतो, म्हणजे जन्मदाखला. इथे सीमेवरच्या माणसाची खरी परीक्षा होते. आमच्या घरातल्या पेटीत आजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत आहेत, निजामाच्या वेळचे. माझी शाळेची प्रगतिपुस्तके मराठीत आहेत आणि ग्रामपंचायतीचा जुना दाखला हाताने लिहिलेला, कन्नडात. त्या दाखल्यावर नाव ‘अमुक, तंदे अमुक’ असे, आडनावाशिवाय असते. शाळेत तेच नाव वडिलांच्या नावासह आणि आडनावासह लागते. पासपोर्टावर तिसरीच मांडणी. इंग्रजी नसलेल्या कागदाला प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. त्यावर भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा पत्ता हवा. भाषांतरकाराने आडनाव स्वतःच्या मनाने घालू नये, मूळ कागदावर नाही ते भाषांतरात येता कामा नये. नावातला फरक वेगळ्या प्रतिज्ञापत्राने सांगावा. ‘गुलबर्गा’ आणि २०१४ नंतरचे ‘कलबुर्गी’ यांनाही हेच लागू. कन्नड विभागातल्या माझ्या मित्रांना हा त्रास निम्माच आहे, याचा मला थोडा हेवा वाटतो.

प्रतींच्या रकान्याबद्दल दोनच वाक्ये. कागद आता बहुतेक स्कॅन करून चढवायचे असतात, त्यामुळे पाच-पाच झेरॉक्स काढून फायली फुगवण्यात अर्थ नाही. मूळ कागद कुणाकडे आहे, कॉलेजात की बँकेत की मामाच्या कपाटात, हे मात्र स्थितीच्या रकान्यात लिहावे, नुसती खूण करू नये.

शेतकऱ्याच्या घराने खात्यातल्या शिलकीऐवजी शैक्षणिक कर्जाचे पत्र दाखवावे, असे माझे मत आहे. कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर आणि मान्य बँकेचे हवे. पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवे. त्याला २८ दिवसांची अट नाही. कर्जाला व्याज आहे हे खरे, पण ऐन पेरणीत लाखो रुपये खात्यात हात न लावता ठेवायचे आणि बियाण्याला सावकाराकडे जायचे, तेही फुकट नसते. आणि ज्यांना खात्यातलीच शिल्लक दाखवायची आहे त्यांनी लागणाऱ्या रकमेहून थोडी जास्त ठेवावी, कारण पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात आणि तो त्या दिवशी काय असेल ते जूनमध्ये कुणालाच ठाऊक नसते.