‘हदीसमध्ये लिहिलंय’ म्हणजे नेमकं कुठं?

ओहोटीची वेळ बघून आम्ही सहाजण (त्यात वर्गातल्या दोन मुली) वाशीहून निघालो, कुर्ला आणि दादरला गाड्या बदलत महालक्ष्मीला उतरलो आणि हाजी अलीला जाऊन आलो. परतताना समुद्रातल्या त्या वाटेवर एक गृहस्थ मुलींकडे बघत म्हणाले, ‘बायकांनी मजारीजवळ जाऊ नये, हदीसमध्ये लिहिलंय.’ आम्ही गप्प. बोलावं तर भांडण, आणि माहिती तर कुणालाच नाही! माझा रूममेट म्हसळ्याचा, त्याचे मामा मदरशात शिकवतात. तो गाडीत एवढंच म्हणाला, ‘कुठली हदीस, ते नाही सांगितलं त्यांनी.’ त्या वाक्यावरून पुढचे तीन रविवार मी त्याचं डोकं खाल्लं, आणि मामांचंही, फोनवरून.

हा वाद जुना आहे. हाजी अली दर्गा ट्रस्टने २०११-१२ च्या सुमारास मजारीच्या गाभाऱ्यात महिलांना बंदी केली. त्याआधी त्या आत जात होत्या. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रीने जाणे हे इस्लाममध्ये मोठे पाप आहे, असे ट्रस्टचे म्हणणे होते. २६ ऑगस्ट २०१६ ला न्यायालयाने बंदी उठवली. नुसते धर्मग्रंथांतले उतारे पुढे ठेवून भागत नाही, ही प्रथा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे हे दाखवावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. पुढे सर्वोच्च न्यायालयात ट्रस्टने स्वतःच प्रवेश द्यायचे मान्य केले. कायद्याचा निकाल लागला, पण त्या गृहस्थांचा प्रश्न तसाच राहिला, कारण हदीस तपासणे हे न्यायालयाचे काम नव्हे.

हदीस म्हणजे पैगंबर मुहम्मद काय बोलले, त्यांनी काय केले, कशाला मूक संमती दिली याची सांगितलेली हकिगत. कुराण ही ईश्वराची वाणी. हदीस हे माणसांनी माणसांना सांगितलेले. म्हणून प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात: मजकूर म्हणजे ‘मतन’, आणि तो कुणी कुणाकडून ऐकला ती साखळी म्हणजे ‘सनद’. पैगंबरांचे निधन ६३२ साली झाले आणि बुखारी, मुस्लिम, तिरमिझी यांचे प्रसिद्ध संग्रह नवव्या शतकातले. मधली दोनशेहून जास्त वर्षे साखळीवर उभी आहेत.

‘उद्याचा पेपर पुढे ढकलला’ ही बातमी होस्टेलवर आली की आपण काय करतो? तुला कुणी सांगितलं, त्याला कुणी, तो खरंच ऑफिसात गेला होता का, आणि मागच्या वेळी त्याने टेपा लावल्या होत्या का? हदीसच्या विद्वानांनी हेच केले, फक्त पिढ्यान् पिढ्या आणि वह्या भरभरून. एकेका निवेदकाचे जन्म-मृत्यू, प्रवास, गुरू, चारित्र्य, स्मरणशक्ती यांच्या नोंदी झाल्या. साखळी अखंड, प्रत्येक जण सचोटीचा आणि पक्क्या स्मरणाचा, मजकूर जास्त भरवशाच्या निवेदकांच्या विरोधात नाही, आणि आत लपलेला दोष नाही, तर ती ‘सहीह’. स्मरण जरा कमी पक्के असेल तर ‘हसन’. साखळी तुटलेली किंवा निवेदक कच्चा असेल तर ‘जईफ’, आणि रचलेली असेल तर ‘मौजू’.

आता ते गृहस्थ. या विषयावर नेहमी पुढे येते ती हदीस अशी, की कबरींना भेट देणाऱ्या स्त्रियांवर पैगंबरांनी लानत, म्हणजे शाप, उच्चारला. ती मुख्यतः दोन वेगळ्या साखळ्यांनी येते. एक इब्न अब्बास यांच्याकडून, आणि त्यांच्यानंतरचा निवेदक अबू सालिह. तिरमिझींनी हिला हसन म्हटले, पण अबू सालिह अनेक परीक्षकांच्या मते कच्चा, आणि त्याने इब्न अब्बास यांच्याकडून प्रत्यक्ष ऐकलेच नाही असेही काहींनी म्हटले. गंमत पुढेच आहे. याच मजकुरात कबरींवर मशिदी बांधणाऱ्यांवर आणि दिवे लावणाऱ्यांवरही लानत आहे! हा उतारा दर्ग्याच्या वाटेवर उभे राहून अर्धाच कसा सांगायचा?

दुसरी साखळी अबू हुरैरा यांची. हिच्यात उमर बिन अबी सलमा हा निवेदक आहे. खरा माणूस, पण चुका करणारा, असा त्याच्यावर शेरा. तरीही तिरमिझींनी हिला ‘हसन सहीह’ दर्जा दिला. म्हणजे बंदीवाल्यांकडे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. पण इथे शब्द आहे ‘झव्वारात’, आणि त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा जाणाऱ्या स्त्रिया असा घेऊन कुर्तुबींसारख्यांनी शाप तेवढ्यांपुरताच मानला. आणि खुद्द तिरमिझी खाली टीप देतात, की काही विद्वानांच्या मते हे आधीचे आहे. पुढे कबरींना जायची परवानगी मिळाली तेव्हा तीत पुरुषही आले आणि स्त्रियाही. ही परवानगी ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे: मी तुम्हाला मना केले होते, आता जा, अशा अर्थाची. हजरत आयशा भावाच्या कबरीवरून परत येताना त्यांना कुणी हटकले, तर त्यांनी हेच उत्तर दिल्याची नोंद आहे. बुखारींच्या संग्रहात कबरीपाशी रडणारी एक बाई आहे. पैगंबर तिला धीर धर म्हणतात, पण इथे का आलीस असे म्हणत नाहीत.

दर्जा लावला म्हणजे गणित सुटले असे नाही, ही यातली खरी अडचण. कुठले बोलणे आधीचे आणि कुठले नंतरचे, याच्या तारखा लिहिलेल्या नाहीत. म्हणूनच भले भले विद्वान दोन्ही बाजूंना सापडतात.

मग कुराण काय म्हणते? स्त्रियांनी कबरीला जाण्याबद्दल काहीच नाही, ना हो ना नको. पैगंबरांचे ऐका असे कुराण सांगते, आणि नमाजच्या रकाती किती हे कळते हदीसवरून. म्हणून बहुतेक मुसलमानांना हदीसशिवाय चालत नाही. पण दोघांचे वजन सारखे नाही. कुराण प्रत्येक पिढीत असंख्य लोकांच्या पाठांतून आले, बहुतेक हदीस मोजक्या माणसांच्या तोंडून. घरच्यांच्या रडण्याने मृताला शिक्षा होते, ही हदीस हजरत उमर आणि त्यांच्या मुलाकडून आली, तेव्हा हजरत आयशांनी ती मानली नाही. सांगणारे खोटे नाहीत, पण कान चुकतो, असे त्यांचे म्हणणे. आणि एकाचे ओझे दुसरा वाहत नाही हे कुराणातले तत्त्व त्यांनी समोर ठेवले. सांगणारा माणूस कितीही मोठा असो, मजकूरसुद्धा तपासायचा, हे पहिल्या पिढीतच सुरू झाले होते. मला वाटतं ‘हदीसमध्ये लिहिलंय’ एवढ्यावर थांबणारे लोक त्या परंपरेपेक्षा फार कमी मेहनत घेतात. (आमच्यासारखे न वाचताच ‘असलं काही नसतंच’ म्हणणारेही, हे कबूल.)

शेवटच्या रविवारी मी मामांना सरळच विचारलं, ‘तुमचं स्वतःचं मत काय?’ कोकणातले मुसलमान परंपरेने शाफई, आणि त्या पंथाच्या बहुतेक विद्वानांनी याला हराम न म्हणता मकरूह, म्हणजे न केलेले बरे, असे म्हटले आहे. मामा म्हणाले, ‘मी मकरूहच मानतो. पण तुझी आई तिच्या आईच्या कबरीवर गेली, तर तिच्यासाठी लानतचा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. जा म्हणेन, ऊन उतरल्यावर जा.’ फोन स्पीकरवर होता, आणि तो प्रश्न मी विचारला असला तरी उत्तर त्यांनी भाच्याला दिलं होतं.