‘वादग्रस्त’ या विशेषणाचा आडोसा

पुण्याच्या व्याख्यानसंस्कृतीत वक्त्याच्या परिचयाला वाङ्मयप्रकाराचा दर्जा कोणी दिलेला नाही. पण त्याचे संकेत मात्र कोणत्याही प्रकाराइतकेच पक्के आहेत. जन्मगाव, शिक्षण, ग्रंथसंख्या, पुरस्कार आणि शेवटी ‘यांना अधिक परिचयाची आवश्यकता नाही’ हे वाक्य, असा तो साचा आहे. वक्त्याच्या नावाशी एखादे प्रकरण जोडलेले असले की हा साचा अडखळतो. मग दोन पळवाटा वापरल्या जातात. एक, त्या प्रकरणावर संपूर्ण मौन. दुसरी, ‘वादग्रस्त’ हे एकच विशेषण उच्चारून पुढे सरकणे. यांतली दुसरी पळवाट तटस्थतेची म्हणून मिरवली जाते, आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे.

‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, ग्रासलेला. पूरग्रस्त, रोगग्रस्त, ग्रहणग्रस्त या शब्दांत ग्रासणारी शक्ती निसर्गाची किंवा दैवाची असते. माणसाने तेथे काही केलेले नसते. ‘वादग्रस्त लेखक’ म्हणताना हीच रचना एका मानवी व्यवहाराला लावली जाते. लेखकाने काय लिहिले, आक्षेप कोणी आणि कशावर घेतला, पुढे कोणी काय केले, हे सारे कर्ते त्या एका समासात नाहीसे होतात. उरतो तो नुसता डाग. तो लेखकावर अन्याय करतो, आणि ज्यांचा आक्षेप होता त्यांच्यावरही करतो. कारण त्यांचे म्हणणेही सांगितले जात नाही.

डॉ. आनंद यादव यांचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. कागलच्या शेतकरी कुटुंबातून आलेले, पुणे विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख झालेले, ‘झोंबी’साठी 1990 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेले, ग्रामीण साहित्य चळवळीचे अग्रणी, एवढा भाग निर्वेधपणे सांगता येतो. पुढचा भाग असा : त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतील तरुण तुकारामांचे चित्रण निराधार आणि अवमानकारक आहे, असा आक्षेप वारकरी मंडळींनी घेतला. यादव यांनी माफी मागितली. कादंबरी मागे घेण्यात आली. तरीही विरोध शमला नाही, आणि निवडून आलेल्या यादव यांनी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. मार्च 2009 मध्ये महाबळेश्वरचे 82वे संमेलन अध्यक्षाविना पार पडले. पुढे 2014 मध्ये पुण्यातील न्यायालयाने बदनामीच्या प्रकरणात यादव यांच्याविरुद्ध निकाल दिला. नोव्हेंबर 2016 मध्ये त्यांचे निधन झाले.

राजीनाम्यानंतरच्या वर्षांत यादव एखाद्या सभागृहात ग्रामीण कादंबरीवर बोलायला आले आहेत, अशी कल्पना करावी. परिचयकर्त्याने काय म्हणावे? ‘काही कारणाने त्यांना अध्यक्षपद भूषविता आले नाही’ हे वाक्य खोटे नाही. पण ते सत्यही नाही. ‘काही कारण’ श्रोत्यांना ठाऊकच असते, आणि न उच्चारल्यामुळे ते कुजबुजीच्या रूपात, म्हणजे सर्वांत विकृत रूपात, सभागृहात वावरते. ‘झुंडशाहीचे बळी ठरलेले यादव’ हे वाक्य निवाडा आहे, आणि ‘संतांची बदनामी करणारे यादव’ हाही. पहिला निवाडा पुरोगामी सभागृहात टाळ्या मिळवतो म्हणून तो परिचय ठरत नाही.

म्हणता येण्याजोगे वाक्य साधे आहे : ‘त्यांच्या संतसूर्य तुकाराम या कादंबरीतील चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला, यादव यांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली गेली, आणि 2009 मध्ये त्यांनी संमेलनाध्यक्षपदाचा राजीनामा दिला.’ प्रत्येक क्रियापदाला येथे कर्ता आहे. अपवाद फक्त ‘मागे घेतली गेली’ हा. तेथे ‘प्रकाशकाने’ हा शब्द घालावा की नाही हा प्रश्न किरकोळ नाही, कारण लेखक आणि प्रकाशक यांची जबाबदारी वेगळी असते. या वाक्यावर यादव खूश होतील असे नाही, आक्षेपकही होणार नाहीत. परंतु त्यातील एकही विधान खोटे आहे असे दोघांपैकी कोणालाही म्हणता येणार नाही. तटस्थतेची कसोटी ही आहे. दोन्ही बाजूंना समान शब्दसंख्या देणे ही नव्हे.

काळाचा मुद्दा येथे दुर्लक्षिला जातो. 2010 मधील परिचयात ‘आक्षेप’ हाच शब्द योग्य होता. ‘बदनामी’ हा शब्द तेव्हा केवळ एका पक्षाचा होता. 2015 मध्ये न्यायालयाचा निकाल न सांगणे हे लपवणे ठरले असते, आणि ‘बदनामी केली’ असे स्वतःच्या तोंडाने म्हणणे हे निकाल आपलासा करणे ठरले असते. ‘न्यायालयाने अमुक ठरवले’ असेच म्हणावे लागते, आणि अपिलाची त्या दिवशीची स्थिती तपासूनच. आरोप, माफी, निकाल यांच्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या की परिचय बिघडला असे खुशाल समजावे. माफी ही गुन्ह्याची कबुली असतेच असे नाही. दबावाखालीही माणसे माफी मागतात. पण ती दबावाखाली होती हेही परिचयकर्त्याने ठरवायचे नसते.

यावर सभ्य मंडळींचा आक्षेप ठरलेला : आलेला माणूस पाहुणा आहे, त्याच्या जखमेवरची खपली घरी बोलावून काढायची का? ही सभ्यता दिखाऊ आहे. ती वक्त्याला जपत नाही, आयोजकांना जपते. खरी जपणूक हवी असेल तर परिचयाची संहिता वक्त्याला आधी दाखवावी. तपशिलाची चूक त्याने दुरुस्त करावी, विशेषणे मात्र मागू नयेत. विषयाशी प्रकरणाचा संबंध नसेल तर ते एका वाक्यात आटोपावे. यादव लोककथेवर बोलणार असतील तर तेवढे पुरे; चरित्रात्मक कादंबरीवर बोलणार असतील तर ते प्रकरण हाच परिचयाचा गाभा होतो.

मौनाची किंमत काय पडते ते यवतमाळच्या 92व्या संमेलनात दिसले. नयनतारा सहगल यांनी उद्घाटन करायचे ठरले होते. निषेधाची भाषा सुरू झाली आणि जानेवारी 2019 मध्ये संमेलन तोंडावर आले असताना निमंत्रण मागे घेतले गेले. ‘इंग्रजीत लिहिणारी’, ‘पुरस्कार परत करणारी’, ‘नेहरूंची भाची’ ही तीन लेबले चर्चेत फिरत राहिली. तिन्ही तपशील म्हणून खरी आहेत. पण 1986 चा अकादमी पुरस्कार त्यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये परत केला तो कशासाठी, हे सांगितले असते तर चित्र बदलले असते : त्यांच्या निवेदनात कलबुर्गी व पानसरे यांच्यासह नरेंद्र दाभोलकर यांचे नाव होते, ज्यांची हत्या 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यातच झाली होती. नेहरूंच्या भाचीने आणीबाणीत आपल्या मामेबहिणीला, म्हणजे इंदिरा गांधींना, विरोध केला होता, हेही त्याच परिचयातले वाक्य. पुरस्कारवापसी ज्यांना चुकीची वाटते त्यांनाही ही विधाने नाकारता आली नसती. त्यांनी मतभेद ठेवला असता, पण खऱ्या कृत्याशी.

अध्यक्षपदावरून पुण्याच्या अरुणा ढेरे यांनी निमंत्रण मागे घेतल्याबद्दल नापसंती व्यक्त केली. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी पद सोडले. सहगल यांचे न झालेले भाषण वृत्तपत्रांतून महाराष्ट्रभर वाचले गेले. त्यांचा परिचय मात्र व्यासपीठावरून कोणी करून दिला नाही. तो त्यांच्या विरोधकांनी आधीच करून ठेवला होता.