कलौंजी म्हणजे कांद्याचं बी नव्हे!



गेल्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एका नव्या सुनेनं बरणीचा जवळून काढलेला फोटो टाकला. शेजारच्या बंगाली बाईंनी तिला फोडणीचे मिश्र दाणे दिले होते. "काकू, यातलं काळं काय आहे?" एवढंच तिनं विचारलं. दहा मिनिटांत निकाल लागला : "कांद्याचं बी आहे, टाकून दे." दोघी-तिघींनी खाली अंगठे उमटवले. संध्याकाळी मी फोन पाहिला तोवर बरणी कचऱ्यात गेली होती. सासूबाईंची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

मी तोच फोटो मोठा करून पाहिला. पिवळट, चौकोनी, अंगावर तिरकी खाच असलेले दाणे म्हणजे मेथी. हिरवट, लांबट, उभ्या रेघांची बडीशेप. तशाच रेघांचं पण बारीक आणि तपकिरी ते जिरं. गोल गरगरीत ती मोहरी. आणि पाचवे दाणे काळे, बिनचमकीचे, कोनदार. पाचही जिन्नस साधारण सारख्या प्रमाणात. हे तर बंगाली घरात रोज फोडणीला पडणारं पाँचफोरन! त्यातला काळा दाणा असतो कलौंजीचा.

मग कांदा आला कुठून? नावातून. आपल्याकडे कितीतरी वाणी कलौंजीला "कांद्याचं बी" म्हणतात, परदेशातल्या पुड्यांवरही तसंच छापलेलं असतं. पण कलौंजीचं झाड वेगळं, त्याचं कूळ वेगळं. ना त्याला कांदा धरतो, ना त्याचा कांद्याशी संबंध. खरं कांद्याचं बी शेतकरी डोंगळे लावून, त्यांना फुलोरा आणून तयार करतो. ते पेरणीसाठी विकलं जातं आणि कलौंजीपेक्षा कितीतरी पट महाग असतं. साधा व्यवहार पाहा : महाग बियाणं स्वस्त मसाल्याच्या नावाखाली कोण विकेल?

"पण दोन्ही दिसायला सारखीच की," असं एकीनं मला ऐकवलं. खरं आहे, आणि माझं भांडण तिथंच आहे. कलौंजीच्या दाण्याला तीन कडा असतात, एका टोकाला तो निमुळता होतो, अंग खरखरीत असतं. कांद्याचं बी एका बाजूनं फुगीर, दुसरीकडून चपटं आणि सुरकुतलेलं असतं. हातात घेतलं तर हा फरक कळतो. बरणीच्या काचेतून, दिव्याच्या उजेडात काढलेल्या फोटोत मलाही तो खात्रीनं सांगता येणार नाही. इथं मला बरणीतल्या सोबतीच्या चार दाण्यांनी सांगितलं. नुसते काळे दाणे असते, तर मी गप्प बसले असते.

आणि गप्प बसायचं नसेल, तर नीट फोटो मागवा. चिमूटभर दाणे बरणीतून काढून पांढऱ्या ताटलीत पसरायला सांगा. शेजारी चार जिऱ्याचे दाणे ठेवले की आकाराचा अंदाज येतो. खिडकीचा उजेड हवा, फ्लॅश नको, कारण फ्लॅशमध्ये बिनचमकीचा दाणाही चमकतो आणि कलौंजीचे कारळे वाटू लागतात. कारळे मुळात लांबट, सडपातळ आणि तुकतुकीत. काळे तीळ चपटे, एका टोकाला अणकुचीदार. सब्जा गुळगुळीत, अंडाकृती; पाण्यात टाकला की फुगून बुळबुळीत होतो. एवढं झाल्यावर तिला दाणे तळहातावर चुरडून वास घ्यायला सांगा. ओव्याच्या जवळचा तिखट-कडवट वास आला तर कलौंजी. फोटोला वास नसतो, म्हणून शेवटचा शब्द फोटोचा नव्हे.

कोणी म्हणेल, शंका आली की सोडून द्यावं, हाच आपला नियम. जरूर सोडा. मीही अनोळखी दाणा तोंडात घालत नाही. पण "मला कळत नाही, म्हणून मी खाणार नाही" हा संयम झाला. "हा कांदाच आहे" असं दुसरीला ठासून सांगणं हा संयम नव्हे. न पाहता बोललेलं ते असत्य आहे, आणि सत्याचं व्रत कांद्याच्या त्यागापेक्षा लहान नाही. शिवाय शेजारणीनं प्रेमानं दिलेलं अन्न वाया गेलं, त्याचं काय?

ज्यांनी त्या दिवशी अंगठे उमटवले, त्यांनी त्या पोरीला एक फोन करावा. तिच्या सासूबाईंनाही करावा. मी दोन्ही केले.