अध्यक्षांचं मनोगत सहा पानांचं, कामाच्या ओळी दोन

परवा आमच्या भागातल्या एका सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल घरी आला. मीही तिथला छोटा भागधारक आहे. बँकेचं नाव लिहीत नाही, आकडेही बदललेत. पण गोष्ट तीच आहे, आणि तुमच्या घरी आलेल्या अहवालातही कदाचित हीच असेल.

अध्यक्षांचं मनोगत सहा पानांचं. संस्थापकांचं स्मरण, जागतिक अर्थव्यवस्था, डिजिटल युग, पुरस्कार घेतानाचे फोटो. तासाभराच्या भाषणाची दहा ओळींची बातमी करण्यात माझी वीस वर्षं गेली. म्हटलं, याचं एका पानाचं पत्र करून बघू.

पहिलं काम सोपं होतं. जे वाक्य कुठल्याही बँकेच्या कुठल्याही वर्षाच्या अहवालात खपेल, ते खोडायचं. पाच पानं तिथंच गेली. उरले दोन दावे. एक, ‘थकीत कर्जांचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणण्यात यश.’ दोन, ‘नफा 1 कोटी 20 लाखांवरून 1 कोटी 40 लाखांवर.’

इथंच थांबलो असतो तर पत्र छोटं झालं असतं, खरं नाही. म्हणून अहवालाची मागची पानं उघडली, जी कुणी उघडत नाही. एकूण कर्जं 200 कोटी. गेल्या वर्षी त्यातली 18 कोटी थकीत होती, यंदा 12 कोटी. सहा कोटी वसूल झाले? छे! वसुली फक्त 2 कोटी. उलट 1 कोटीची नवी कर्जं थकली. आणि तब्बल 5 कोटी ‘निर्लेखित’ केले, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकले. हे सभेच्या विषयपत्रिकेत आठव्या क्रमांकावर एका ओळीत आहे. मनोगतात एक शब्द नाही. हे 5 कोटी धरले तर थकबाकी 17 कोटी, म्हणजे 8 टक्क्यांच्या वर.

नफ्याचंही तसंच. 1 कोटी 40 लाखांतले 60 लाख बँकेची जुनी जागा विकून आलेले. जागा एकदाच विकता येते. धंद्यातला नफा उरला 80 लाख, गेल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांश कमी.

मग मी अध्यक्षांच्या वतीने पत्र लिहिलं, ते असं:

‘सभासद बंधू-भगिनींनो, यंदा बँकिंग व्यवसायातला आपला नफा 40 लाखांनी घटला. ताळेबंदात नफा वाढलेला दिसतो, तो जागा विकल्यामुळे. थकीत कर्जांचा आकडा उतरला, तो मुख्यतः 5 कोटी निर्लेखित केल्यामुळे. ही कर्जमाफी नाही. कर्जदारांकडून वसुली चालू आहे आणि या रकमेची तरतूद आपण आधीच्या वर्षांच्या नफ्यातून केली होती. पण कर्ज देताना तारण नीट तपासलं नाही, ही चूक संचालक मंडळाची. पुढच्या वर्षी या 5 कोटींतले किती परत आले, ते याच पत्रात पहिल्या ओळीत सांगेन. सविस्तर आकडे मागे आहेत, पान क्रमांक खाली दिलेत.’

बस्स. एक पानही भरलं नाही. तारणाची ओळ माझा अंदाज आहे. खरं कारण अध्यक्षांनाच ठाऊक, म्हणून ती ओळ त्यांनीच लिहायला हवी. पत्र कुणीही छोटं करून देईल, चूक कबूल करणं बाहेरच्याला जमत नाही.

अमेरिकेतले वॉरन बफे दर वर्षी भागधारकांना पत्र लिहायचे, ते आपल्या दोन बहिणी समोर बसल्यात असं समजून. हुशार, पण हिशेबातल्या तज्ज्ञ नव्हेत अशा. आमच्या अध्यक्षांनी कुणाला समोर बसवून लिहिलं? मला तर फोटोग्राफरच दिसतो.

एका संचालकांना हे बोललो तर म्हणाले, “अहो, असं छापलं तर ठेवीदार पळतील.” साहेब, ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा आहे. भागधारकाच्या पैशाला एक रुपयाचाही नाही. बँक बुडाली तर आधी आमचं भांडवल जाणार, आणि खबर मात्र शेवटी आम्हालाच?

सप्टेंबरअखेर सभा होतील. चहा-भजी खाऊन ‘मंजूर, मंजूर’ म्हणण्याआधी उठून दोनच प्रश्न विचारा: निर्लेखित किती केलं? आणि एकदाच येणारं उत्पन्न वगळून नफा किती? मग सांगा, ही दोन उत्तरं पुढच्या वर्षी मनोगताच्या पहिल्या परिच्छेदात छापा. फोटो मागे टाका, आमची हरकत नाही.