छताला चुना लावा

'चुना लावणे' म्हटलं की आपल्याला फसवणूकच आठवते. म्हणून शाळेच्या कमिटीत मी पत्र्याला पांढरा रंग देण्याचा विषय काढला, तेव्हा आधी हशा झाला आणि मग एक प्रश्न आला, "सर, वर कोण बघतंय?" त्याच महिन्यात रस्त्याकडची भिंत आणि गेट गुलाबी झालं होतं. म्हणजे रंगाला पैसे होते, पण पाहुण्यांना दिसेल तिथेच.

दुसरे एक सदस्य म्हणाले, पत्रा तर चकचकीत आहे, ऊन परत फेकतोच की. अर्धं खरं आहे. नवा पत्रा बरंच ऊन परत पाठवतो, पण जी उष्णता आत घेतो ती सहज सोडत नाही. उघड्या धातूचा तो स्वभावच आहे. म्हणून तो तापतच जातो, आणि गंज चढला की विचारूच नका. चांगला, नवा पांढरा थर सुमारे 80 टक्के ऊन परत पाठवतो, आणि उरलेली उष्णताही आकाशाकडे लवकर सोडतो. तापलेल्या पत्र्याची धग थेट मुलांच्या डोक्यावर उतरते. पंखा ती अडवत नाही, खोलीतली गरम हवा फक्त फिरवतो.

शेवटी आम्ही दोघा शिक्षकांनी पैसे काढून एका खोलीचा पत्रा रंगवला. तारेच्या ब्रशने गंज घासला, धुऊन वाळवला, प्रायमर दिला, मग छतासाठी मिळणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. पत्र्यावर नुसता चुना टिकत नाही. पत्रा उन्हाने पसरतो-आकसतो आणि पापुद्रे निघतात. स्लॅबला मात्र चुना चालतो: रात्रभर भिजवायचा, गाळायचा, थोडा फेविकॉल घालायचा. पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी उन्हाळ्याआधी पुन्हा.

एप्रिलमध्ये शाळा सुटताना, साडेबाराला, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत एकसारखे थर्मामीटर टांगले. साध्या खोलीत 40, रंगवलेल्या खोलीत 36.

36 म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे, हे मान्य. खिडक्या उघड्या हव्यातच, आणि दोन मजले असतील तर खालच्या वर्गाला याचा फारसा उपयोग नाही. वर्षभरात धूळ बसून आमचा पत्राही राखाडी झाला होता. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. खालचं पांढरं उघडं पडलं, म्हणजे रंग शाबूत होता, फक्त धुवायचा होता. फडक्यावर पांढरी पूड आली असती, तर नवा हात द्यावा लागला असता.

अहमदाबाद महापालिकेने 2017 मध्ये गरीब वस्त्यांची छतं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने 2023 मध्ये त्यासाठी धोरणच आणलं. आमच्या कमिटीला हे एका मास्तराचं खूळ वाटतं.

यंदा गेटला पुन्हा रंग देण्याचा ठराव आलाय. तेवढ्या पैशांत दुसऱ्या खोलीचा पत्रा होतो. हिशेब कागदावर लिहून दिलाय, पोच घेऊन.