कुंडीखालील ताटलीतील पाणी : केव्हा ठेवावे, केव्हा ओतावे

तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसर हा धानाचा मुलूख आहे. पावसाळ्यात बांधीत पाणी उभे असले म्हणजे शेतकऱ्याचे मन निश्चिंत होते. हीच दृष्टी घराच्या ओट्यावरील कुंडीकडे वळली की मात्र घात होतो. कुंडीखालच्या ताटलीत पाणी भरलेले दिसले म्हणजे रोपाची सोय झाली, असे समजून तुळस, गोडनिंब, मिरची किंवा लिंबू यांची रोपे दिवसेंदिवस पाण्यात उभी ठेवली जातात. ही समजूत सोडून देणे अगत्याचे आहे.

धानाच्या मुळांत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांतून पानांकडील हवा खाली पोचते, म्हणून धान चिखलातही तग धरते. गोडनिंबाच्या मुळांस ही सोय नाही. त्यांस मातीच्या कणांमधील हवेवरच अवलंबून राहावे लागते. ताटलीत पाणी असले की दिव्याची वात तेल ओढते तशी माती ते पाणी वर ओढते. कुंडीच्या तळाची माती संपृक्त होते, तिच्यातील हवा निघून जाते व मुळे गुदमरून कुजू लागतात. कुंडी जितकी उथळ, तितका हा धोका अधिक.

समजा, आषाढात एका घरी दहा इंची कुंडीत गोडनिंब आहे. पागोळ्यांच्या पाण्याने ताटली सतत भरलेली आहे. काही दिवसांनी खालची पाने पिवळी पडतात व रोप मरगळते. घरच्या मंडळींस ते तहानलेले वाटते आणि ते आणखी पाणी घालतात. येथेच खरी चूक होते. पाने मलूल असून माती ओली असेल, तर रोप तहानलेले नसून त्याची मुळे निकामी झालेली आहेत. माती दोन बोटे उकरून पाहावी. तिला आंबूस वास येत असेल व मुळे तपकिरी, मऊ होऊन त्यांची साल बोटांत सुटून येत असेल, तर शंकेस जागा उरत नाही. अशा वेळी ताटली काढून कुंडी विटांच्या तुकड्यांवर ठेवावी, तळाचे छिद्र मोकळे करावे आणि वरची माती सुकेपर्यंत पाणी देऊ नये. मुळे थोडी शिल्लक असल्यास रोप सावरते. सर्वच कुजली असल्यास उपाय नाही.

म्हणून पावसाळ्यात अंगणातील कुंड्यांखाली ताटली ठेवूच नये. इतर दिवसांत पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने ताटली पाहावी व उरलेले पाणी ओतून द्यावे. ते पाणी त्याच कुंडीत परत घालू नये. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास क्षार त्या निथळीत उतरलेले असतात. कुंडीच्या काठावर दिसणारा पांढरा थर ही त्याची खूण होय. ते पाणी अंगणातील मोठ्या झाडास द्यावे.

पाणी मुद्दाम ठेवण्याची वेळही येते. वैशाखाच्या उन्हात माती आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत उतरते; ताटली भरते, पण मधला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी ताटलीत पाणी भरून कुंडी अर्धा ते एक तास तशीच ठेवावी. वरच्या मातीचा रंग गडद झाला की ओल पोचली असे समजावे व ताटली रिकामी करावी. वेखंड, ब्राह्मी व अळू ही दलदलीत वाढणारी असल्याने त्यांच्या ताटलीत पाणी राहिले तरी बाधत नाही.

तथापि, अशी ताटलीही आठवड्यातून एकदा घासून कोरडी करणे आवश्यक आहे. डेंग्यू पसरविणारा एडीस डास याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि उष्ण दिवसांत अंड्यापासून डास होण्यास सुमारे सात ते दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटलेली असतात व कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. नुसते पाणी ओतल्याने ती जात नाहीत. कड काथ्याने घासावीच लागते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी व सहायक कृषी अधिकाऱ्यांनी घरभेटीच्या वेळी पाण्याच्या टाक्यांबरोबर ओट्यावरील ताटल्याही पाहाव्यात आणि ताटलीची कड बोटाने घासून दाखवावी.