क्रियापद बदलण्याआधी माहिती बदला : सपाट उतारा जिवंत करताना

शिक्षक मित्रांनो, पाचवीपासून पुढे आपण मुलांना काळ शिकवतो, पुरुष शिकवतो. "खालील वाक्यांचा काळ बदला" हा प्रश्न मुले पटापट सोडवतात. पण तीच मुले प्रसंगलेखनाला बसली की "एक मुलगा होता, तो गेला, त्याने पाहिले, तो घाबरला" असे लिहून मोकळी होतात. मग आपण सांगतो, "अरे, 'मी' वापर. वर्तमानकाळात लिही. म्हणजे वाचणाऱ्याला समोर घडतंय असं वाटेल." मुले तसे लिहितात, आणि उतारा होता तसाच सपाट राहतो.

माझे म्हणणे असे आहे की आपली ही सूचना अर्धीच आहे. पुरुष आणि काळ बदलल्यावर सांगणारा माणूस बदलतो आणि त्याची उभी राहण्याची जागाही बदलते. त्या जागेवरून त्याला काय दिसते, काय ऐकू येते आणि काय अजिबात माहीत नसते, हे बदलले नाही तर नुसत्या क्रियापदाने काही होत नाही. याचा पुरावा वर्गातच आहे. मुले सिनेमाची गोष्ट सांगतात तेव्हा सगळी वर्तमानकाळातच असते. "मग हिरो येतो, मग व्हिलन पळतो, मग त्याची आई मरते." वर्तमानकाळ आहे, पण ऐकताना काटा येतो का? नाही येत.

एक उतारा घेऊन बघू. पाचवी-सहावीच्या वहीत सापडेल असाच आहे.

"सुमन शाळेतून घरी निघाली. तिच्यासोबत तिचा लहान भाऊ बाळू होता. ओढ्याला पाणी वाढले होते. तिने बाळूचा हात धरला. ते दोघे पाण्यात उतरले. ती खूप घाबरली. तिचा चेहरा उतरला. वर डोंगरात जोराचा पाऊस झाल्यामुळे पाणी अचानक वाढले. बाळूची चप्पल वाहून गेली. मागून येणाऱ्या तुकारामकाकांना त्यांची काळजी वाटली. काकांनी त्यांना ओढून बाहेर काढले. शेवटी दोघेही सुखरूप घरी पोहोचले."

यात व्याकरणाची चूक नाही. प्रसंगही जिवावरचा आहे. आता याचा फक्त पुरुष आणि काळ बदलू.

"मी शाळेतून घरी निघते. माझ्यासोबत माझा लहान भाऊ बाळू आहे. ओढ्याला पाणी वाढले आहे. मी बाळूचा हात धरते. आम्ही दोघे पाण्यात उतरतो. मी खूप घाबरते. माझा चेहरा उतरतो. वर डोंगरात जोराचा पाऊस झाल्यामुळे पाणी अचानक वाढते. बाळूची चप्पल वाहून जाते. मागून येणाऱ्या तुकारामकाकांना आमची काळजी वाटते. काका आम्हाला ओढून बाहेर काढतात. शेवटी आम्ही दोघे सुखरूप घरी पोहोचतो."

"काळ बदला" या प्रश्नाला याचे पूर्ण गुण मिळतील. पण वाचताना दोन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट आपल्या भाषेतली आहे. मराठीत साधा वर्तमानकाळ सवय सांगायलाही वापरतात. "मी सहाला उठते, दात घासते, शाळेत जाते." त्यामुळे "मी शाळेतून घरी निघते" हे वाक्य सुरुवातीला आले की वाचणाऱ्याला ते रोजचे वाटते. प्रसंग आजचा आहे हे दाखवणारी खूण पहिल्याच वाक्यात हवी. "आज" हा शब्द चालेल. "पाणी वाढत आहे" असा अपूर्ण वर्तमानकाळ त्याहून चांगला. चालू असलेल्या गोष्टींना अपूर्ण वर्तमान आणि झटक्यात घडणाऱ्या गोष्टींना साधा वर्तमान, एवढी वाटणी मुलांना सहज जमते. "पाणी वाहत आहे. चप्पल सुटते." या दोन वाक्यांतला फरक मुलांना कानाने कळतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न ठेवा : हे सुमनला त्या क्षणी कसं कळलं?

"माझा चेहरा उतरतो." ओढ्यात उभ्या असलेल्या सुमनला स्वतःचा चेहरा दिसत नाही. "वर डोंगरात पाऊस झाल्यामुळे." हे तिला नंतर कुणीतरी सांगितले असणार, त्या क्षणी तिला फक्त पाणी चढताना जाणवते. "काकांना काळजी वाटते." काका मागे आहेत आणि काळजी त्यांच्या मनात आहे. ती सुमनपर्यंत पोहोचलीच तर आवाजातून पोहोचेल. "शेवटी सुखरूप." पाण्यात असताना शेवट कुणाला माहीत असतो? हा शब्द आला की वाचणाऱ्याची भीती संपते.

ही चारही वाक्ये जुन्या उताऱ्यात चालत होती, कारण तिथे सांगणारा सगळे माहीत असलेला आणि घटना संपल्यावर बोलणारा होता. आपण सर्वनाम बदलले, पण त्याची माहिती तशीच "मी"च्या तोंडी घातली.

आता सुमनला जेवढे माहीत आहे तेवढेच ठेवून लिहू.

"आज ओढ्याचा आवाज लांबूनच येतोय. सकाळी ज्या दगडांवर पाय ठेवून आलो, ते दगड दिसत नाहीत. पाणी चहासारखं लाल आहे. बाळूचा हात मी मनगटाजवळ धरते. पहिलं पाऊल. पाणी गुडघ्याला लागतं. दुसरं पाऊल टाकते तर पायाखालची वाळू सरकते. 'ताई, माझी चप्पल!' बाळू खाली वाकतो. मी त्याला ओढते. पाणी आता मांडीपर्यंत आलंय. एवढं कसं वाढलं? मागून कुणीतरी ओरडतंय, शब्द कळत नाहीत. तेवढ्यात माझ्या दंडावर कुणाची तरी पकड बसते. 'हात सोडू नको त्याचा!' तुकारामकाकांचा आवाज."

काय काय झाले बघा. "घाबरली" हा शब्द गेला आणि त्याच्या जागी मनगट घट्ट धरणे आले, सरकणारी वाळू आली. "अचानक" गेला, कारण पाणी आधी गुडघ्याला आणि मग मांडीला लागताना दिसले. पावसाचे कारण गेले, त्याच्या जागी सुमनचा प्रश्न आला. काका आधी नुसता आवाज म्हणून आले, मग पकड म्हणून, आणि नाव सगळ्यात शेवटी. कारण सुमनला ते याच क्रमाने कळले.

"सकाळी ज्या दगडांवर पाय ठेवून आलो" हे भूतकाळातच ठेवले आहे हेही लक्षात घ्या. वर्तमानकाळात लिहा म्हटले की काही मुले "सकाळी दगडांवर पाय ठेवून येतो" असे लिहितात आणि सकाळ-संध्याकाळ एक करून टाकतात. "आता"च्या आधी झालेले ते भूतकाळातच राहणार.

वर्गात मी याचा दुसरा भागही घेते. अर्ध्या वर्गाने सुमन व्हायचे आणि अर्ध्या वर्गाने तुकारामकाका. काकांचा उतारा साधारण असा होतो :

"डोंगरावर काळं झालंय. म्हणजे वर पाऊस लागलाय, ओढ्याला अजून पाणी येणार. आणि ही दोन पोरं मध्येच काय करतायत? 'सुमे, माघारी फिर!' ती वळूनही बघत नाही. धाकटा खाली वाकतो. मी डोक्यावरचा भारा टाकतो आणि पळत सुटतो."

सुमनच्या उताऱ्यातून काढलेले पावसाचे कारण इथे परत आले, कारण काकांना डोंगर दिसतो आणि ओढ्याची सवय माहीत आहे. पण चप्पल त्यांना माहीत नाही. त्यांना फक्त वाकलेला मुलगा दिसतो. दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचले की दृष्टिकोन म्हणजे काय हे व्याख्या न सांगता मुलांना कळते.

या खेळात मराठीची एक गंमत आहे. "मी हात धरला" हे मुलगा आणि मुलगी सारखेच लिहितात, कारण तिथे क्रियापद "हात" या शब्दाप्रमाणे चालते. वर्तमानकाळात मात्र ते बोलणाऱ्याप्रमाणे चालते. सुमन "धरते" म्हणणार, काका "टाकतो" म्हणणार. सुमन झालेला मुलगा मध्येच "धरतो" लिहून गेला तर तेवढ्या वाक्यापुरता तो सुमनच्या जागेवरून सरकला असे समजावे. तपासताना तिथे खूण करून विचारावे, "इथं कोण बोलतंय?"

काही सहकारी म्हणतील, "परीक्षेत 'येतोय', 'आलंय' चालत नाही." ठीक आहे, निवेदन प्रमाण रूपात लिहू द्या. "पाणी आता मांडीपर्यंत आले आहे. मागून कोणीतरी ओरडत आहे, शब्द कळत नाहीत." फारसे काही कमी होत नाही, कारण उताऱ्याचा जीव माहितीच्या क्रमात आहे. संवाद मात्र बोलतो तसेच राहू द्यावेत.

याला मर्यादाही आहे. मूळ उताऱ्यात शाळेपासून घरापर्यंतचा वेळ होता, नव्या उताऱ्यात जेमतेम एक-दोन मिनिटे आहेत, तरी तो लांब झाला. म्हणजे ही रीत थोड्या वेळासाठीच आहे. सहलीचा अख्खा निबंध असा लिहिला तर "आम्ही बसमध्ये बसतो, मग नाष्टा करतो, मग किल्ला बघतो" असे वेळापत्रक तयार होते. वेळ पुढे ढकलायला भूतकाळच बरा. कीर्तनकार आख्यान सांगताना हेच करतात. कथा भूतकाळात चालते आणि ऐन प्रसंगाला वर्तमानकाळ येतो. व्याकरणात याला ऐतिहासिक वर्तमान म्हणतात. मुलांनीही निबंधातली एकच जागा निवडावी, तिथे काळ बदलावा आणि प्रसंग संपला की परत भूतकाळात यावे. आणि दोघांच्याही मनातले एकाच वेळी सांगायचे असेल तर "मी" सोडून "ती"च बरी. तिथे तृतीय पुरुष बदलायला मुलांना सांगू नये.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. "काळ बदला" हा प्रश्न सुट्या वाक्यांवर घेतोच आहोत, महिन्यातून एकदा तो मुलाच्या स्वतःच्या उताऱ्यावर घ्या. आधी पेन्सिलने प्रत्येक वाक्यापुढे "कसं कळलं?" लिहायला लावा. ज्या वाक्याला उत्तर मिळत नाही ते खोडायचे, किंवा ते ज्याला माहीत आहे त्याच्या तोंडी द्यायचे. क्रियापदांना हात त्यानंतर लावायचा.